सँक्शन लेटरचा फोटो टाकतेय, हप्ता आणि प्रीपेमेंटचं कलम कुणी समजावून सांगाल का?

अनघा_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्या दादाने पाथर्डी फाट्याकडे रिसेलचा वन बीएचके बघितलाय. त्याचं टू-व्हीलर गॅरेज आहे, रिटर्न तीनच वर्षांचे आणि पहिल्या वर्षाचं उत्पन्न कमी, म्हणून दोन बँकांनी नाही म्हटलं आणि शेवटी एका हाऊसिंग फायनान्स कंपनीने कर्ज मंजूर केलं. काल सँक्शन लेटर मिळालं, दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, तोच खाली टाकलाय. एजंट म्हणतोय उद्या संध्याकाळपर्यंत सही करून द्या नाहीतर रेट बदलेल.

फोटो थोडा हललाय आणि उजवीकडची बाजू कापली गेलीय, म्हणून जेवढं वाचता येतंय तेवढं टाइप करते:

कर्जाची रक्कम: 30,00,000 (पुढे काहीतरी आहे, कापलं गेलंय)
मुदत: 240 महिने
व्याजाचा प्रकार: ड्युअल. पहिले 36 महिने 8.40% फिक्स्ड, त्यानंतर फ्लोटिंग, आरपीएलआर वजा 7.50. आजचा आरपीएलआर 16.90
मासिक हप्ता: 26,810
प्रोसेसिंग फी: 18,361 जीएसटीसह
प्रीपेमेंट: फिक्स्ड काळात बॅलन्स ट्रान्सफर केल्यास भरलेल्या रकमेच्या 2% अधिक जीएसटी, स्वतःच्या पैशातून भरल्यास शून्य, पुरावा द्यावा लागेल. फ्लोटिंग काळात शून्य.

माझे प्रश्न तीन. 8.40 हे किती वर्षं राहणार? हप्ता बरोबर लावलाय का? आणि मधे पैसे भरून कर्ज कमी करायचं असेल तर किती कापतील?

वसईची_वृषाली

अगं आधी तो फोटो काढ आणि परत टाक, वर अ‍ॅप्लिकेशन नंबर, दादाचं नाव आणि मोबाईल नंबर सगळं दिसतंय!! असे नंबर बघून फोन येतात की तुमचं कर्ज अडकलंय, ओटीपी सांगा.

अनघा_नाशिक

काढला. वरचा भाग कापून परत टाकलाय. थँक्यू ताई.

पम्या_चिंचवड

16.90 टक्के व्याज??? पळा तिथून, एवढं तर पर्सनल लोनला पण नाही घेत कुणी

कर्जविभाग_निवृत्त

पम्या, 16.90 हे व्याज नाही, तो त्या कंपनीचा मूळ दर आहे. त्यातून 7.50 वजा करायचे म्हणजे 9.40 उरतात, ते व्याज. हाऊसिंग फायनान्स कंपन्यांमध्ये अशी मांडणी नेहमी दिसते, मूळ दर उंच ठेवतात आणि प्रत्येक ग्राहकाला वेगवेगळी वजाबाकी देतात.

अनघाताई, पत्र मी दोनदा वाचलं. मी एका बँकेच्या कर्ज विभागात होतो, अशी पत्रं तयारही केली आणि ग्राहकांना समजावूनही सांगितली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा पहिला प्रश्न. 8.40 फक्त तीन वर्षं. 37 व्या महिन्यापासून त्या दिवशीचा आरपीएलआर वजा 7.50. आजच्याच आकड्याने धरलं तर 9.40. म्हणजे बाजारात काहीही बदललं नाही तरी दर एक टक्क्याने वाढणार हे या पत्रातच लिहिलंय. एजंट तोंडी 8.40 सांगतो, पण वीस वर्षांपैकी सतरा वर्षं दादा दुसऱ्याच दराने फेडणार आहे.

आता तुमचा हप्ता. तो मला खटकतोय. 30 लाख, 8.40, 240 महिने याला हप्ता 25,845 येतो. पत्रात 26,810 आहे. 965 रुपये जास्त. मोबाईलवर एक्सेल किंवा गुगल शीट असेल तर स्वतः बघा:

```
=PMT(8.4%/12,240,-3000000)
=PV(8.4%/12,240,-26810)
```

पहिल्या ओळीत हप्ता येईल. दुसरी उलटी आहे, 26,810 हप्ता असेल तर कर्ज किती, ते सांगते. तिचं उत्तर साधारण 31,12,000 येतंय. प्रोसेसिंग फीही तेच सांगतेय. 30 लाखावर अर्धा टक्का म्हणजे 15,000 आणि 18 टक्के जीएसटी 2,700, एकूण 17,700 व्हायला हवे. 31,12,000 चा अर्धा टक्का 15,560 आणि त्यावर जीएसटी धरला की बरोबर 18,361. दोन वेगळे आकडे एकाच रकमेकडे बोट दाखवतायत तेव्हा हा टायपिंगचा घोळ नाही. रकमेच्या पुढचं जे फोटोत कापलं गेलंय तिथे 1,12,000 चं काहीतरी असणार. माझा अंदाज विमा. दुसऱ्या पानाचा फोटो मागवा, आणि पत्र टेबलावर सपाट ठेवून सरळ वरून काढायला सांगा.

अनघा_नाशिक

काका तुम्ही म्हणालात तेच निघालं!! दादाला व्हिडिओ कॉल लावून पान उलटायला सांगितलं. रकमेच्या पुढे बारीक अक्षरात "अधिक विमा प्रीमियम 1,12,000" आहे आणि मागच्या पानावर विमा कंपनीचा फॉर्म जोडलाय, दादाची सही आधीच घेतलेली. दादा म्हणतो त्याला वाटलं फॉर्म घराच्या कागदांचाच आहे, एजंटने फुल्या मारून दिलेल्या तिथे तिथे सह्या केल्या.

हा विमा सक्तीचा असतो का?

पम्या_चिंचवड

अच्छा ते वजाबाकीचं आत्ता कळलं. पण प्रीपेमेंटचं मला नक्की माहितीये, आरबीआयने बंद केलंय ते, 1 जानेवारी 2026 पासून कुणीच प्रीपेमेंट चार्ज घेऊ शकत नाही, बँक असो की फायनान्स कंपनी. हे 2% चं कलमच बेकायदेशीर आहे, सरळ तक्रार टाका.

कर्जविभाग_निवृत्त

पम्या, तू म्हणतोस तो नियम खरा आहे पण पूर्ण नाही. 2 जुलै 2025 चे ते निर्देश आहेत, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू. वैयक्तिक कर्जदाराने धंद्यासाठी नसलेलं फ्लोटिंग दराचं कर्ज घेतलं असेल तर आधी भरण्यावर कुठलाही चार्ज नाही, पैसे कुठून आणले हेही विचारायचं नाही, अमुक महिने थांबा असंही म्हणता येत नाही. दादाचा गॅरेजचा धंदा असला तरी कर्ज राहत्या घराचं आहे, त्यामुळे तो यात बसतो.

पण हे कर्ज ड्युअल आहे, आणि त्याच निर्देशात ड्युअलसाठी वेगळं वाक्य आहे. पैसे भरायच्या दिवशी कर्ज फ्लोटिंगवर आहे का, यावर ठरतं. म्हणजे पहिले 36 महिने ते फिक्स्ड, तेव्हा कंपनी 2% लावू शकते. 37 व्या महिन्यात ते फ्लोटिंग झालं की शून्य. पत्रातलं कलम तसंच लिहिलंय, म्हणून तक्रारीत दम नाही. एकच गोष्ट बघा, हा चार्ज सँक्शन लेटर, करार आणि केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, तिन्हीकडे सारखाच लिहिलेला हवा. आधी सांगितला नसेल तर नंतर लावता येत नाही.

विमा सक्तीचा नाही. कंपनी घराचा आग-भूकंपाचा विमा मागू शकते कारण घर तिच्याकडे तारण आहे. पण जीवन विमा, तोही अमुकच कंपनीचा, तोही कर्जात घालून, हे ग्राहकाने नको म्हटलं की काढावं लागतं. 1,12,000 वर तुम्ही वीस वर्षं व्याज भरणार, 965 गुणिले 240 करून बघा, 2,31,600 होतात.

विमा_सल्लागार_मिरज

मी या व्यवसायात आहे म्हणून बोलतो. सगळा विमा फालतू असं समजू नका. गॅरेजवाला माणूस, घरात कमावणारा एकटा, उद्या काही झालं तर हप्ता कोण भरणार? वहिनी आणि पोरं रस्त्यावर येतात हो, मी डोळ्याने बघितलंय. फक्त कर्जात घातलेली पॉलिसी बहुतेक घटत्या कव्हरची असते, कर्ज कमी होतं तसं कव्हर कमी, आणि प्रीमियम मात्र एकरकमी आधी गेलेला. त्यापेक्षा दादाने स्वतः साधा टर्म प्लॅन घ्यावा, वर्षाला प्रीमियम भरायचा, कव्हर शेवटपर्यंत तेवढंच, आणि कर्ज दुसरीकडे नेलं तरी पॉलिसी त्याच्याकडेच. दादा सिगरेट ओढत असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, नाहीतर क्लेमला अडकतं.

वसईची_वृषाली

हे पटलं. विमा हवा पण कर्जाच्या पोटात नको.

सोनाली_हिंजवडी

माझा पण असाच प्रश्न आहे प्लीज कुणी सांगा, माझा फ्लॅट अंडर कन्स्ट्रक्शन आहे, सँक्शन 52 लाखाचं पण बिल्डरला आत्तापर्यंत 18 च गेलेत, आणि दर महिन्याला 12 हजार कापतायत त्यातून मुद्दल एक रुपयाने कमी होत नाहीये. हे पण प्रीपेमेंट चार्जमुळे का?

कर्जविभाग_निवृत्त

नाही हो, तुमचं वेगळं आहे. ते प्री-ईएमआय, जेवढे पैसे बिल्डरला गेले तेवढ्यावरचं नुसतं व्याज. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत मुद्दल हलत नाही. शाखेत अर्ज देऊन आत्तापासूनच पूर्ण हप्ता सुरू करता येतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. पण नवा धागा काढा म्हणजे इथे मिसळणार नाही. अनघाताईंचा फ्लॅट रिसेलचा आहे, पैसे एकदम जाणार, त्यांना हा टप्पा फारतर काही दिवसांचा.

कोल्हापुरी_गुरुजी

माझ्या मते ताईंनी सही करावी. आमच्या पतसंस्थेत फ्लॅट रेटने 12 टक्के घेतात आणि ते खरं धरलं तर वीसच्या पुढे जातं. इथे 8.40, तेही फिक्स्ड. आणि 37 व्या महिन्यात 9.40 झालं तर झालं, एक टक्क्याने असा काय फरक पडतो. हप्ता तर तोच राहतो ना?

कर्जविभाग_निवृत्त

गुरुजी, फरक तिथेच पडतो. हप्ता तोच राहिला तर मुदत वाढते, आणि लोकांना ती दिसत नाही कारण खात्यातून जाणारी रक्कम बदलत नाही.

विमा काढून 30 लाखाचंच धरू. तीन वर्षांत दादा 36 हप्ते भरेल, साधारण 9,30,000 रुपये. त्यातून मुद्दल कमी होईल फक्त 1,97,600 च्या आसपास, बाकी सगळं व्याज, कारण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. म्हणजे 37 व्या महिन्यात बाकी राहील 28,02,400. आता या बाकीवर 9.40 लावा. मुदत 204 महिनेच ठेवायची असेल तर हप्ता होतो 27,563, म्हणजे 1,718 ने जास्त. आणि हप्ता 25,845 च ठेवला तर?

```
=NPER(9.4%/12,-25845,2802400)
```

उत्तर 242 आणि काहीतरी, म्हणजे 243 महिने. 204 राहिले होते त्याचे 243 झाले. सव्वातीन वर्षं वाढली. दादाने तीन वर्षं नियमित हप्ते भरले आणि शिल्लक मुदत पहिल्या दिवसापेक्षाही जास्त.

म्हणून करारात बघा, दर बदलला की आपोआप मुदत वाढवणार की हप्ता वाढवणार की विचारणार. ऑगस्ट 2023 च्या आरबीआयच्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा असतो. बरेच जण तो एसएमएस वाचतच नाहीत आणि मुदत वाढत राहते.

अनघा_नाशिक

बापरे. मला वाटत होतं मोठी गोष्ट ते 2% आहे.

मग काका बँकेचं आणि यांचं फ्लोटिंग एकच का? कारण माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा हप्ता गेल्या वर्षी दोनदा कमी झाला.

कर्जविभाग_निवृत्त

एकच नाही. बँकांना ऑक्टोबर 2019 पासून नवी फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. फेब्रुवारी 2025 पासून रेपो 6.50 वरून टप्प्याटप्प्याने खाली आला आणि डिसेंबर 2025 मध्ये 5.25 झाला, मैत्रिणीचं कर्ज रेपोशी जोडलेलं असणार म्हणून तिला ते मिळालं. हाऊसिंग फायनान्स कंपनीवर ती सक्ती नाही. आरपीएलआर कंपनी स्वतः ठरवते, रेपो कमी झाला तरी तो तेवढाच आणि लगेच उतरेल असं नाही. आणि ती 7.50 ची वजाबाकी मंजुरीच्या वेळी ठरते, नंतर नव्या ग्राहकाला 8.10 वजा देतील आणि दादाला 7.50 च राहील, कमी करून हवं असेल तर कन्व्हर्जन फी भरा म्हणतील. ती फी किती ते केएफएसमध्ये बघून ठेवा.

गोव्याचा_मिलिंद

मी वेगळं मत मांडतो. मी स्वतः अशाच कंपनीकडून घेतलं होतं, धंदा माझाही छोटा, बँक उभी करत नव्हती. या कंपन्या कागद कमी मागतात आणि त्याचे पैसे दरात घेतात, हे मान्य करून घ्यायचं. मी तीन वर्षं वेळेवर हप्ते भरले, रिटर्न नीट भरले आणि मग कर्ज बँकेत हलवलं. दादानेही तेच डोक्यात ठेवावं. तीन वर्षांत सहा रिटर्न होतील, सिबिल स्कोअर बनेल. आणि काका म्हणतात तसं 37 व्या महिन्यात चार्ज शून्य. मग फिक्स्डला घाबरायचं कारण काय?

कर्जविभाग_निवृत्त

मिलिंद, मलाही हाच मार्ग बरा वाटतो. फक्त घाई करून आधी हलवू नये. समजा दोन वर्षांनीच एखादी बँक तयार झाली. तेव्हा बाकी असेल साधारण 28,74,000. त्याचे 2% म्हणजे 57,480 आणि जीएसटी धरून 67,800. तेव्हा बाराच महिने राहिलेले असतात आणि ते बारा महिने दर 8.40 च आहे, काही फार महाग नाही. बँकेत नवी प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, परत गहाणाची स्टॅम्प ड्युटी हे सगळं वेगळं लागतं. तेव्हा 37 व्या महिन्याच्या आधी दोन-तीन महिने बँकेकडे अर्ज करून ठेवायचा, मंजुरी हातात घ्यायची आणि फिक्स्ड काळ संपल्याचं कंपनीकडून लेखी घेऊन मग चेक द्यायचा. 36 महिने कुठून मोजतात, पहिल्या डिस्बर्समेंटपासून की पहिल्या हप्त्यापासून, हे पत्रात दिसत नाही. तेही विचारा.

पम्या_चिंचवड

म्हणजे मधे 5 लाख आले तर? दादाने आधी थोडे भरले तर 2% नाही ना?

कर्जविभाग_निवृत्त

पत्रात स्वतःच्या पैशातून भरल्यास शून्य म्हटलंय, म्हणून नाही. पण "पुरावा द्यावा लागेल" म्हणजे काय पुरावा? खात्याचं स्टेटमेंट पुरतं की सीएचं पत्र हवं? किमान किती भरता येतात, वर्षातून किती वेळा? हे शाखेने ईमेलवर सांगावं. आणि भरताना लेखी द्या की मुदत कमी करा, हप्ता नको. न सांगता भरलं की काही ठिकाणी हप्ता कमी करतात, मग मुदत तशीच राहते आणि व्याजात वाचायचं ते कमी वाचतं.

अनघा_नाशिक

बाबांची एफडी मोडून ते दादाला पुढच्या वर्षी थोडे देणार आहेत. ते स्वतःचे पैसे धरतील का? कर्ज बाबांच्या नावावर नाहीये.

कर्जविभाग_निवृत्त

घरकर्ज कंपन्यांच्या जुन्या नियमात "स्वतःचे स्रोत" म्हणजे बँक, हाऊसिंग फायनान्स किंवा इतर वित्तसंस्थेकडून उचललेलं नसलेले पैसे, असा अर्थ दिलेला होता. त्या हिशोबाने वडिलांनी दिलेले चालायला हवेत. पण या कंपनीच्या करारात त्याचा अर्थ काय लिहिलाय ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

आणि एजंटची उद्याची घाई. सही करू नका. आधी केएफएस मागा. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या रिटेल कर्जांना ते द्यावंच लागतं. त्यात एकूण वार्षिक खर्चाचा दर असतो, सगळ्या फी आणि विमाही धरून, आणि हप्त्यांचा पूर्ण तक्ता. ते दिल्यावर किमान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागा, हक्काने.

अनघा_नाशिक

(चार दिवसांनी)

अपडेट देते. दादा, वहिनी आणि मी तिघं शाखेत गेलो. एजंटला नाही नेलं. मॅनेजर आधी म्हणाले विमा सिस्टीममधून निघत नाही, फाईल परत क्रेडिटला जाईल, रेट बदलू शकतो. वहिनीने शांतपणे सांगितलं की मग "विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही" एवढं लेटरहेडवर लिहून द्या. त्यानंतर ते आत गेले आणि पंधरा मिनिटांनी म्हणाले दोन दिवसांनी या.

आज नवं पत्र मिळालं. रक्कम 30,00,000, पुढे काही नाही. हप्ता 25,845, काकांच्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळला. प्रोसेसिंग फी 17,700, त्यातून अर्ज करताना भरलेली लॉगिन फी 3,540 वजा करून 14,160 भरायचे. जुन्या पत्रात ती वजाबाकी नव्हतीच, पावती दाखवली तेव्हा केली.

केएफएस इंग्रजीत मिळालं, मराठीचं हेड ऑफिसमधून मागवतो म्हणाले. 36 महिने डिस्बर्समेंटच्या तारखेपासून, असं ईमेलवर आलंय. आरपीएलआर वजा 7.50 मात्र हलवायला तयार नाहीत, खूप घासाघीस केली. पुराव्यासाठी बँक स्टेटमेंट पुरेल म्हणाले पण ते तोंडी, आणि बाबांच्या पैशांचं "बघू" असं उत्तर.

वसईची_वृषाली

वहिनी भारी आहेत तुझ्या!

विमा_सल्लागार_मिरज

आता टर्म प्लॅनचं विसरू नका, डिस्बर्समेंट आधी पॉलिसी हातात असली तर उत्तम. मेडिकलला आठवडाभर जाऊ शकतो.

कोल्हापुरी_गुरुजी

चांगलं झालं. पण 7.50 साठी मी अजून एकदा भांडलो असतो, रेपो एवढा उतरलाय आणि यांना 9.40 कशाला. दुसऱ्या कंपनीचं कोटेशन नेऊन दाखवा.

गोव्याचा_मिलिंद

गुरुजी, विकणाऱ्याला टोकन दिलंय आणि त्याची मुदत असते. दुसऱ्या कंपनीत परत लॉगिन फी, परत सिबिल चौकशी, परत महिना. मी असतो तर घेतलं असतं आणि 37 वा महिना धरून बसलो असतो.

कर्जविभाग_निवृत्त

दोघांचंही बरोबर आहे, ते टोकनची मुदत किती आहे त्यावर. अनघाताई, तुम्हीच ठरवा.

एक खर्च या पत्रात नसतो तो धरून ठेवा. महाराष्ट्रात गहाणाच्या कागदावर स्टॅम्प ड्युटी लागते, पाच लाखाच्या वरच्या कर्जाला 0.3 टक्के, म्हणजे 30 लाखाला 9,000. आणि गहाण ठेवल्यापासून 30 दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन फाईल करायची असते, त्याची फी वेगळी. हे कर्जदाराने करायचं असतं, शाखा आठवण करतेच असं नाही, उशीर झाला तर दंड. एजंट "सगळं करून देतो" म्हणून एकरकमी पैसे मागेल, त्यातला सरकारी चलनाचा भाग किती ते विचारा आणि चलनाची प्रत घ्या.

अनघा_नाशिक

एजंटने या कामाचे सोळा हजार सांगितलेत काका. उद्या सरकारी आकडा वेगळा काढून मागते. आणि बाबांच्या पैशांचा प्रश्न ईमेलवर परत टाकलाय, त्याचं उत्तर आल्याशिवाय दादा करारावर सही करणार नाही असं आम्ही ठरवलंय. विकणाऱ्याने टोकनची मुदत दहा दिवस वाढवून दिली.

सोनाली_हिंजवडी

काका मी नवीन धागा काढलाय प्री-ईएमआयचा, फोटो पण टाकलाय नाव झाकून. वेळ मिळाला की बघाल का?